पंचविसात तीस कसे बसवायचे?

लग्नाची फिल्म तयार होऊन घरी येते आणि सगळे टीव्हीसमोर बसतात. सुरुवातीलाच ड्रोन मंडपावरून संथपणे पुढे सरकतो, आणि तिथेच काहीतरी खुपतं. ड्रोनची चाल एकसारखी आहे, वाराही नव्हता, तरी चित्र सलग सरकत नाही. दर सेकंदाला पाचेक बारीक हिसके बसतात. पुढे हळदीचा नाच येतो, त्यात हलणाऱ्या हातांना दुसरे पुसट हात फुटलेले दिसतात. मग अमेरिकेतल्या काकांचा शुभेच्छांचा व्हिडिओ येतो आणि त्यांचा चेहरा धुक्याआड गेल्यासारखा वाटतो. फिल्म पाहणारा म्हणतो, कॅमेरा चांगला नव्हता. बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा यात काही दोष नसतो. ही सगळी दुखणी एडिटिंगच्या टेबलावर जन्मतात आणि जवळजवळ सगळी तिथेच टाळता येतात.

आजच्या लग्नात चित्रं किती ठिकाणांहून येतात ते पाहा. मुख्य कॅमेऱ्याने सेकंदाला २५ फ्रेम घेतलेल्या असतात. ड्रोनवाला आपल्या सेटिंगवर, म्हणजे २९.९७ फ्रेमवर, फोर-के शूट करून गेलेला असतो. नवरीच्या मैत्रिणींचे फोन ३० फ्रेमवर चालतात. वरातीचे स्लो मोशनचे तुकडे ५० किंवा ६० फ्रेमचे असतात. काकांचा व्हिडिओ उभा असतो आणि व्हॉट्सॲपने पिळून लहान केलेला असतो. त्यातच कुणीतरी आईवडिलांच्या लग्नाची जुनी टेप डिजिटल करून आणतं. हे सगळं एका टाइमलाइनवर ठेवलं की सॉफ्टवेअर तक्रार न करता ते चालवून दाखवतं. खरी अडचण तिथेच आहे. कुठल्या क्लिपचं काय करायचं याचा निर्णय एडिटरने घेतला नाही, तर तो सॉफ्टवेअर गुपचूप घेतं.

२५ आणि ३० हे आकडे विजेच्या तारांमधून आले. भारतात आणि युरोपात घरची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिथल्या टीव्हीने तिच्या निम्मे, म्हणजे २५ फ्रेम घेतले. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे ३० आले. पुढे १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत मिसळून पडद्यावर जाळी दिसू नये म्हणून वेग किंचित कमी केला गेला. तेव्हापासून तो विचित्र २९.९७ आपल्या मागे लागला आहे. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं ते पाल पद्धतीने, २५ फ्रेमवर. फोन आणि ड्रोन मात्र जगभर एकच माल म्हणून विकले जातात, आणि त्यांत बहुधा अमेरिकी आकडा आधीपासून भरलेला असतो.

आता ड्रोनच्या शॉटकडे वळू. सोयीसाठी २९.९७ ला ३० धरू. टाइमलाइन २५ ची आहे. म्हणजे ज्या सेकंदात ड्रोनने ३० चित्रं घेतली, त्या सेकंदात २५ च दाखवायची आहेत. टाइमलाइनच्या प्रत्येक फ्रेमला ड्रोनच्या १.२ फ्रेम पुढे जावं लागतं. म्हणजे ० नंतर १.२, मग २.४, ३.६, ४.८ आणि ६. पण १.२ क्रमांकाचं चित्र ड्रोनकडे नाहीच. सॉफ्टवेअर जवळचं उचलतं: ०, १, २, ४, ५, ६. तिसरं चित्र गळालं. पुढच्या सहांतलंही एक गळतं, असं सेकंदाला पाच वेळा होतं. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असल्या की पाय आपोआप पडत जातात, पण मध्येच एक पायरी दुप्पट उंचीची आली की माणूस अडखळतो. डोळ्यांचंही तसंच होतं. एकूण किती चित्रं गेली याचं डोळ्याला काही नसतं, चित्रांतलं अंतर बदललं की तो लगेच पकडतो.

उलट्या दिशेने, म्हणजे ३० च्या टाइमलाइनवर २५ ची क्लिप ठेवली, तरी सुटका नाही. तिथे दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं आणि सेकंदाला पाच वेळा गती क्षणभर थांबते. ५० ची क्लिप मात्र २५ मध्ये अगदी स्वच्छ बसते, कारण एक आड एक चित्र सोडलं की अंतरं सारखीच राहतात. ६० ची क्लिप २५ मध्ये कधी दोन, कधी तीन चित्रं ओलांडत जाते. हे पूर्ण समान नाही, पण मूळ चित्रंच इतकी जवळजवळ आहेत की चूक एका सेकंदाच्या दीडशेव्या भागाच्या आत राहते. ३० मध्ये ती याच्या दुप्पट असते. म्हणून फोनच्या ३० पेक्षा ६० ची क्लिप २५ मध्ये जास्त मऊ दिसते. अनेक एडिटरांना हे अनुभवाने माहीत असतं, आणि त्याच्यामागचं गणित एवढंच आहे.

या गणितातून पहिला निर्णय निघतो: टाइमलाइनचा वेग कुठला ठेवायचा? ज्या चित्रीकरणाची चाल बदलताच येणार नाही, त्याचा. लग्नात ते मुख्य कॅमेऱ्याचं चित्रीकरण. मंगलाष्टका, सप्तपदी, भटजींचे मंत्र, सनई, सगळं त्यात आवाजासकट आहे आणि तासन् तास चालणारं आहे. ते २५ चं असेल तर टाइमलाइन २५ ची. पण सगळं लग्न फोनवरच टिपलं असेल आणि फिल्म फक्त मोबाइलवर पाहिली जाणार असेल, तर ३० ची टाइमलाइन बरी. अनेक फोनचे पडदे सेकंदाला ६० वेळा ताजे होतात. त्यावर ३० ची फिल्म प्रत्येक चित्र दोनदा दाखवून समान चालते, २५ ची फिल्म मात्र दोनदा-तीनदा अशी असमान दाखवावी लागते. हा निर्णय पहिली क्लिप टाकण्याआधी घ्यावा. दा विंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवर क्लिप आल्या की तिचा फ्रेम रेट बदलता येत नाही, आणि प्रीमियर प्रोमध्ये पहिली क्लिप ओढून टाकली की टाइमलाइन त्या क्लिपचेच गुण घेते. पहिली क्लिप फोनची असेल तर पूर्ण लग्न फोनच्या मापाचं होऊन बसतं.

टाइमलाइन २५ ची ठरली. आता ड्रोनला त्यात कसं बसवायचं? सर्वात स्वच्छ मार्ग असा की त्याचं एकही चित्र गाळायचं नाही आणि एकही नवं बनवायचं नाही. सॉफ्टवेअरला सांगायचं की ही क्लिप २५ चीच आहे असं समज. प्रीमियरमध्ये त्यासाठी Interpret Footage मध्ये Assume this frame rate आहे, रिझॉल्व्हमध्ये Clip Attributes. मग ड्रोनची सगळी चित्रं एकामागोमाग एक दिसतात, फक्त थोडी सावकाश. बारा सेकंदांचा शॉट साडेचौदा सेकंदांच्या जवळ जातो. वेग सुमारे ८३ टक्के होतो आणि मंडपावरून सरकणाऱ्या ड्रोनच्या शॉटला तो शोभतोच. वरातीच्या ५० फ्रेमच्या शॉटला हेच केलं तर बरोबर निम्म्या वेगाचं स्लो मोशन मिळतं, ६० च्या शॉटला सुमारे ४२ टक्के वेगाचं. लग्नाच्या फिल्मांमधलं उत्तम स्लो मोशन असंच तयार होतं. त्यात सॉफ्टवेअरने कल्पनेने काढलेलं चित्र एकही नसतं.

अट एकच: आवाज. वेग बदलला की क्लिपचा आवाजही ताणला जातो. ड्रोनला आवाज नसतो म्हणून तो सुटतो. हळदीच्या नाचाचं तसं नाही. गाण्याच्या ठेक्यावर पावलं पडत असतात. तो शॉट सावकाश केला की पाय ठेक्यावरून घसरतात आणि घरच्यांना ते आधी कळतं.

अशा क्लिपसाठी सॉफ्टवेअर तीन रस्ते देतं. पहिला वर पाहिला तो, जवळचं चित्र उचलण्याचा. प्रीमियर त्याला Frame Sampling म्हणतं, रिझॉल्व्ह Nearest. दुसरा Frame Blending, म्हणजे १.२ व्या चित्राच्या जागी पहिलं आणि दुसरं चित्र एकमेकांत मिसळून दाखवायचं. ३० चं २५ करताना दर पाच फ्रेममधल्या चार अशा मिश्र होतात. हळदीच्या नाचात हातांना फुटलेले पुसट हात इथून येतात. हिसके जातात, पण त्यांच्या बदल्यात जवळपास सगळं चित्र धूसर होतं. अनेकजण हा पर्याय सवयीने लावून ठेवतात. माणसं हलत असतील तर तो लावूच नये असं स्पष्ट सांगावंसं वाटतं.

तिसरा रस्ता Optical Flow. यात सॉफ्टवेअर दोन चित्रांमधला प्रत्येक ठिपका कुठून कुठे गेला याचा अंदाज घेतं आणि मधलं चित्र नव्याने रचतं. पीटर जॅक्सनच्या २०१८ सालच्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ या माहितीपटात पहिल्या महायुद्धातलं जे चित्रण आहे, ते हाताने दांडा फिरवून चालवायच्या कॅमेऱ्यांवर झालं होतं. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० ते १८ फ्रेम असा कमीजास्त होता. जुन्या चित्रफितींतले सैनिक तुरूतुरू पळताना दिसतात ते यामुळे. जॅक्सनच्या चमूने मधली हजारो चित्रं संगणकाकडून रचून घेतली आणि ते सैनिक माणसांसारखे चालू लागले. पण त्यासाठी प्रत्येक शॉटचा मूळ वेग शोधावा लागला. घरच्या लॅपटॉपवर एक पर्याय निवडून असं काही पदरात पडत नाही.

ही पद्धत कुठे फसते ते ओळखता येतं. एक वस्तू दुसरीवरून गेली की मागचं काय झाकलं गेलं आणि काय उघडं पडलं हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. नाचणारीचा हात पैठणीच्या काठावरून गेला की काठ हाताबरोबर ओढला जातो आणि बोटांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. सर्वात मोठी फजिती अक्षतांची होते. शेकडो बारीक दाणे एकदम पडत असतात, कुठला दाणा कुठे गेला याचा माग लागत नाही आणि हवेत पिवळी भुकटी तरंगते. म्हणून Optical Flow सगळ्या टाइमलाइनला एकदम लावायचं नसतं. हळदीच्या ज्या दोन-चार शॉटमध्ये कॅमेरा फिरतोय आणि हिसका खटकतोय, तिथे ते लावायचं, रेंडर करायचं आणि एकेक फ्रेम पाहायची. प्रीमियरमध्ये रेंडर केल्याशिवाय त्याचा खरा परिणाम दिसतच नाही. चित्र वितळलेलं दिसलं तर परत Frame Sampling वर यावं. प्रेक्षक बारीक हिसका सहन करतो, वितळलेली बोटं सहन करत नाही.

काकांच्या व्हिडिओला तर काहीच करायची गरज नाही. ते खुर्चीत बसून बोलतात, कॅमेरा स्थिर आहे. सेकंदाला पाच चित्रं गळाली तरी ओठांच्या हालचालीत ती कुणाला दिसत नाहीत. हिसका दिसतो तो कॅमेरा आडवा फिरताना, गाडीतून, ड्रोनवरून, किंवा कोणी पडदाभर पळताना. वेळ तिथे खर्च करावा.

फोनच्या क्लिपमध्ये आणखी एक अडचण लपलेली असते. फोन ३० म्हणतो, पण नेहमी ३० घेत नाही. मंडपात उजेड कमी झाला की तो प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतो आणि वेग खाली आणतो. आयफोनमध्ये तर अंधारात ३० वरून २४ वर जाण्यासाठी Auto FPS नावाचा पर्यायच आहे. असा बदलत्या वेगाचा व्हिडिओ टाइमलाइनवर टाकला की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, दहा मिनिटांनी आवाज पुढे गेलेला असतो. MediaInfo या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्लिप उघडली आणि Frame rate mode पुढे Variable दिसलं, की ती आधी ठराविक वेगाची करून घ्यायची. HandBrake मध्ये Constant Framerate निवडून हे होतं, किंवा एका ओळीच्या आज्ञेने:

```
ffmpeg -i phone.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a aac -b:a 256k phone_30.mp4
```

इथे ३० चं २५ करायचं नाही, नुसतं अस्थिर ३० स्थिर करायचं. पुढचा निर्णय शॉट पाहून टाइमलाइनवर घ्यायचा असतो.

हिसक्यांचं इतकं. आता धूसरपणा.

मुख्य कॅमेरा आणि ड्रोन ३८४० बाय २१६० चे, फोन १९२० बाय १०८० चे. टाइमलाइन कितीची ठेवायची? फोर-के हाताशी आहे म्हणून फोर-के ठेवण्याचा मोह होतो. पण मग फोनच्या प्रत्येक ठिपक्याचे चार ठिपके करावे लागतात. खणखणीत मुख्य कॅमेऱ्यानंतर लगेच मऊ पडलेला फोन आला की फरक उघडा पडतो. अशा मिश्र लग्नाला १०८० ची टाइमलाइन शहाणपणाची. फोर-केचे शॉट लहान होताना उलट जास्त रेखीव दिसतात, फोन आपल्या मूळ मापात बसतो, आणि फोर-केचा एक फायदा हातात राहतो: मंगलाष्टका चालू असताना दुरून घेतलेल्या शॉटमधून नवरीचा चेहरा दुप्पट मोठा करून घेतला तरी एकही ठिपका ताणावा लागत नाही.

मात्र इथेच प्रीमियरमध्ये एक जुना सापळा आहे. क्लिपवर राइट-क्लिक केलं की Scale to Frame Size आणि Set to Frame Size असे दोन पर्याय मिळतात. दिसायला दोन्हींचा परिणाम एकच असतो. पहिला फोर-केचं चित्र आधी १०८० मध्ये आटवतो आणि मूळ ठिपके बाजूला टाकतो. त्यानंतर नवरीचा चेहरा मोठा केला की आटवलेलंच चित्र ताणलं जातं, आणि फोर-केमधून घेतलेला क्लोज-अप फोनपेक्षा धूसर दिसतो. दुसरा पर्याय मूळ चित्राला हात न लावता Scale चा आकडा ५० करतो. तो आकडा १०० पर्यंत नेला तरी खरे ठिपके मिळत राहतात. कुठला पर्याय लागला आहे हे ओळखणं सोपं: टाइमलाइन भरून दिसणाऱ्या फोर-के क्लिपच्या Scale पुढे १०० दिसत असेल, तर ती आटवलेली आहे.

काकांच्या उभ्या व्हिडिओचं काय? व्हॉट्सॲपने तो लहान केलेला आहे. समजा मूळ फाइल मिळाली आणि ती १०८० बाय १९२० ची आहे. आडव्या पडद्यावर ती पूर्ण दाखवली तर मध्ये सुमारे ६०८ ठिपके रुंदीची पट्टी होते. पडदा भरून टाकायचा म्हटलं तर ती पावणेदोन पटींहून जास्त ताणावी लागते आणि मूळ चित्राचा जेमतेम एक तृतीयांश भाग दिसतो, काकांचं कपाळ किंवा हनुवटी बाहेर जाते. उत्तम उपाय म्हणजे पट्टी पट्टीच राहू द्यायची आणि मागे लग्नातलाच एखादा स्थिर शॉट, फुलांचा किंवा तोरणाचा, मुद्दाम धूसर करून ठेवायचा. लहान चित्र लहान चौकटीत नीट दिसतं. Sharpen चा आकडा वाढवून धूसरपणा जात नाही, कडांना पांढऱ्या रेघा येतात आणि व्हॉट्सॲपने केलेले चौकोनी डाग आणखी उठून दिसतात.

आईवडिलांच्या लग्नाची टेप सर्वात नाजूक. पाल टेपमध्ये ५७६ ओळी असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. हलणाऱ्या माणसाच्या कडेला म्हणूनच कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. ही टेप तशीच ओढून मोठी केली की ते दात एकमेकांत मिसळतात आणि मग कुठल्याही उपायाने निघत नाहीत. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ओळी सोडवायच्या, नंतर चित्र मोठं करायचं:

```
ffmpeg -i tape.avi -vf "bwdif=mode=send_field,scale=1440:1080:flags=lanczos,setsar=1" -c:v prores_ks -profile:v 3 -c:a pcm_s16le tape_50p.mov
```

यातून प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र होऊन ५० फ्रेमची क्लिप मिळते. ती २५ च्या टाइमलाइनवर स्वच्छ बसते, आणि वडिलांनी हार घातला तो क्षण निम्म्या वेगाने दाखवता येतो. १४४० ही रुंदी टेपचं मूळ चार-तीन प्रमाण सांभाळते. डावीकडे आणि उजवीकडे २४० ठिपके रिकामे राहतील, ते राहू द्यावेत. चित्र आडवं ताणून पडदा भरला तर आई तरुणपणीच जाडी दिसेल.

काम झाल्यावर तपासणी कशी करायची? एडिटिंग करताना पडद्यावर चित्र अडखळतंय म्हणून लगेच सेटिंग बदलू नयेत. फोनच्या एच.२६५ फाइली उलगडताना संगणक दमतो, तेव्हाही चित्र अडखळतं. तो अडखळा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी येतो, आणि प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवल्या की जातो. फ्रेम रेटचा हिसका ठराविक तालात आणि प्रत्येक वेळी त्याच फ्रेमवर येतो. तयार फाइल उघडून ड्रोनच्या शॉटवर उजव्या बाणाची कळ दहा-बारा वेळा दाबावी. तेच चित्र दोनदा आलं किंवा मंडपाचा खांब मध्येच दुप्पट उडी मारून गेला, तर त्या क्लिपचा वेग ठरवायचा राहून गेला आहे. शेवटी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन खऱ्या टीव्हीवर एकदा पाहावी. टीव्हीतला गती मऊ करणारा पर्याय आधी बंद करावा, नाहीतर टीव्ही स्वतःची चित्रं मध्ये घालतो आणि काय तपासलं ते कळत नाही.

एक चूक मात्र एडिटिंगमध्ये निस्तरता येत नाही. आपल्याकडचे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. ३० फ्रेमवर १/६० शटर ठेवून हॉलमध्ये शूट केलं की लुकलुक चित्रात पट्ट्या होऊन उतरते. १/५० किंवा १/१०० शटरवर ती जाते. २५ फ्रेमचं आणि या दिव्यांचं तर मुळातच जुळतं.

म्हणून लग्नघरच्यांना विनंती अशी, की हळदीच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी कराव्यात. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी Settings मध्ये Camera, त्यात Record Video आणि तिथे Show PAL Formats चालू करून २५ फ्रेम निवडावेत. ड्रोनवाल्याला २५ किंवा ५० वर शूट करायला आधीच सांगावं. आणि दूरच्या नातेवाइकांना कळवावं की व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवताना तो Document म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी एडिटरपर्यंत पोहोचेल.